बेडकाचा निकाल

माझं पहिलं पोट तीन महिन्यांतच पाच महिन्यांएवढं दिसायला लागलं आणि आमच्या आळीत जुळ्यांची चर्चा सुरू झाली. मला मात्र उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. येणारीजाणारी प्रत्येक बाई कौतुकानं पोटावरून हात फिरवायची, आणि मी मनात म्हणायची, हात फिरवता तसं जरा ओकूनही बघा.

आमचं गाव आर्वीकडच्या तळेगावच्या अलीकडे. नवरा शाळामास्तर, घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. चौथ्या महिन्यात अंगावर जायला लागलं. एका सकाळी रक्तासोबत जे बाहेर आलं ते पाहून दाईनं डोक्यावरचा पदर सावरला. भिजवलेला साबुदाणा हातानं चोळावा तसे पांढुरके, पाणी भरलेले दाणे होते ते. काही तर द्राक्षाएवढे. हातपाय, नाकडोळे, काही म्हणता काही नव्हतं. बैलगाडीनं आर्वी, तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं पुलगाव आणि पुढे वर्धा, असा प्रवास मी कसा केला ते मला आठवत नाही. सासूबाईंनी सगळी वाट माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, एवढं मात्र आठवतं.

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गर्भपिशवी रिकामी केली आणि शुद्धीवर आल्यावर मला नीट समजावून सांगितलं. गर्भ धरताना चूक झाली होती. मूल वाढलंच नव्हतं, नुसती वार वाढत गेली होती आणि तिचे असे दाणे झाले होते. यात माझा दोष नव्हता, कुणाची नजरही नव्हती. पण त्यातला एखादा कण आत राहून रुजला तर तो कर्करोगासारखा पसरतो, छातीपर्यंत जातो. ज्यांच्या बाबतीत तसं होतं त्या थोड्या, पण आधी ओळखू येत नाही कोणाचं होणार ते.

ओळखायचं रक्तावरून. वार रक्तात एक द्रव्य सोडते. पिशवी स्वच्छ असेल तर ते हळूहळू उतरत जाऊन नाहीसं होतं. कुठं काही जिवंत राहिलं असेल तर ते उतरता उतरता थांबतं, नाहीतर पुन्हा चढतं. आणि नेमकं हेच द्रव्य साध्या, चांगल्या गर्भारपणातही रक्तात असतं. म्हणून पुढची दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. राहिले तर वाढलेलं द्रव्य बाळाचं की रोगाचं, हे आम्हाला कळणार नाही, असं त्या म्हणाल्या.

ते द्रव्य मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. होते ते बेडूक. प्रयोगशाळेच्या मागच्या ओलसर हौदात खरबरीत पाठीचे नर बेडूक ठेवलेले असायचे. माझ्या दंडातून रक्त काढायचं, ते गोठलं की वरचं पिवळं पाणी घ्यायचं आणि बेडकाच्या कातडीखाली टोचायचं. दोनचार तासांनी त्या बेडकाच्या लघवीचा थेंब काचेच्या नळीनं घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यात त्याचं बीज वळवळताना दिसलं की माझ्या रक्तात ते द्रव्य आहे. मग तेच पिवळं पाणी दहापट, शंभरपट पातळ करून दुसऱ्या बेडकांना टोचायचं. किती पातळ केलं तरी बेडूक जागा होतो, यावरून माप. माझ्या जिवाचा निकाल बेडकाच्या मुतावर, असं मी एकदा यांना म्हटलं तर मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला मी वर्ध्याला जात राहिले. पहिल्यांदा शंभरपट पातळ केलेल्या पाण्यानंही बेडूक जागा झाला. पुढे दहापटीपर्यंतच. नंतर नुसत्या, न पातळ केलेल्या पाण्यानं तेवढा. आणि उन्हाळा लागायच्या आत एका दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आज काहीच दिसलं नाही. मी चटकन उठले, चप्पल शोधायला लागले. त्या म्हणाल्या, थोडंसं द्रव्य बेडकाला कळतच नाही, तेव्हा एका नकारावर विसंबता येणार नाही. नकार पुन्हा पुन्हा यायला हवा. मी परत बसले.

घरी सासूबाईंनी तो दोन वर्षांचा नियम असा काही अंगावर घेतला की तुरुंगाच्या जमादारानं हात जोडावेत. आपल्या मुलाची खाट त्यांनी बाहेर पडवीत टाकली. माझं अंथरूण स्वतःच्या शेजारी, भिंतीकडेला. मी उठले की त्यांना जाग. मी गोठ्यात गेले की त्या मागोमाग शेणाची पाटी घेऊन. विहिरीवर मला धाडत नसत, कारण तिथं बायका विचारणार. माहेरी धाडत नसत, कारण गाव म्हणणार की टाकली. आजारी म्हणावं तर मी चार पायल्या ज्वारी दळत होते, आणि बरी म्हणावं तर कुणी मला हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं. त्या घराच्या चार भिंतींत मी अक्षरशः कोंडले गेले होते. मला सासूबाईंचा राग यायचा, आणि त्यांचाही जीव माझ्यासाठीच टांगणीला आहे हे दिसल्यामुळे तो राग काढायलाही जागा नव्हती.

पावसाळा मध्यावर आला होता तेव्हा आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. आतापर्यंत सलग नकार आले होते. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बेडकात बीज दिसलं होतं. एकात नव्हे, टोचलेल्या दोन्हींत.

त्यांनी आधी मला विचारलं, मग यांना, की दिवस राहिले असण्याची शक्यता आहे का. मी नाही म्हटलं. हे खाली मान घालून राहिले. बाईंनी सरळ सांगितलं की तशी शक्यता असेल तर आपण थांबू, काही आठवड्यांनी पिशवी तपासू. नसेल तर रोग उलटला असं धरावं लागेल. मग पिशवी काढून टाकायची, आणि तीही लवकर. छातीत शिरण्याआधी. त्यानंतरही खात्री देता येत नाही.

विचार करायला त्यांनी आम्हाला बाहेर व्हरांड्यात पाठवलं. तिथं हे माझ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हो म्हन ना. एखाद वेळेस भेटलो होतो म्हन. काय जाते तुयं?"

काय जात होतं माझं? खोटं बोलले तर पिशवी राहत होती, आणि रोग असेल तर मी मरत होते. खरं बोलले तर बाविसाव्या वर्षी कूस कापली जात होती. मास्तरांना मूल हवं होतं, मलाही हवं होतं, फार हवं होतं. ते मला वाचवायला बघत होते की पुढे होणाऱ्या मुलाला, हे मला आजही ठरवता येत नाही. मी रडले नाही. मला त्या वेळी फक्त राग आला होता, सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या बेडकांचा.

मी काही बोलायच्या आत सासूबाई उठून आत गेल्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. मी मागे धावले तोवर त्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"ते माह्या डोयापुढून हालली नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पोटुशी कशी राहीन? काढा लागत असन तं काढा. मले सून पाह्यजे."

डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी भरती करून घेतलं. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ होता. आतून तपासलं, तर पिशवी लहान, घट्ट, जशी असावी तशी. अंगावर लाल जात नव्हतं. या सगळ्याशी तो निकाल जुळत नव्हता, आणि न जुळणारी गोष्ट त्यांना सहन होत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नव्यानं रक्त घेतलं आणि स्वतः प्रयोगशाळेत जाऊन बसल्या. काहीही टोचण्याआधी हौदातल्या प्रत्येक बेडकाचा थेंब त्यांनी पाहिला.

निम्म्याहून जास्त बेडकांमध्ये बीज आधीच होतं. उन्हाळ्याच्या तलखीत जुने बेडूक मेले होते. प्रयोगशाळेतल्या तपासनिसानं मागच्या डबक्यातून नवे धरून आणले होते, आणि तो त्यांचा माद्यांमागे धावायचा मोसम होता. एरवी टोचण्याआधी बेडूक कोरा आहे ना, हे तो पाहत असे. त्या दिवशी काम फार म्हणून पाहिलं नव्हतं. बाईंनी कोरे बेडूक वेगळे काढले, त्यांना माझं पाणी टोचलं. संध्याकाळपर्यंत एकाही थेंबात काही आलं नाही.

हे त्यांनी मला खाटेपाशी येऊन सांगितलं आणि माफी मागितली. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांवर माझं ऑपरेशन ठरलं होतं.

त्यानंतरचे सगळे नकारच आले. दोन वर्षं सरल्यावर बाईंनी मोकळीक दिली, सासूबाईंनी खाट आत घेतली. पण मोकळं वाटायला मला जमेना. दिवस राहिले तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आधी वर्ध्याला गेले. बेडूक जागा झाला, दहापट पातळ करूनही झाला. हा होकार बाळाचा असायला हवा होता, पण माझ्या अंगाला त्या होकाराचा एकच अर्थ ठाऊक होता. पोट वाढत गेलं तशी मी ते रोज वितीनं मोजायची आणि जास्त वाढलं की काय म्हणून जेवण टाकायची. कुणी पोटाला हात लावू नये म्हणून पदर दुहेरी घ्यायची.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवली. बराच वेळ सरकवत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि भिंतीवरचा चुना बघत राहिले. शेवटी त्या सरळ झाल्या, बाजूला सरकल्या आणि सासूबाईंना पुढे बोलावलं.

सासूबाईंनी नळीला कान लावला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"हाये वं," त्या म्हणाल्या, "कोनीतरी हाये."

मी तेव्हा रडले. दोन वर्षांत जे रडू आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की पोट हलवू नका, मला अजून ठोके मोजायचे आहेत.