चौथा रकाना

आमच्या हॉस्पिटलात कोणी नोकरी सोडली की त्याची शेवटची भेट निरोपबाईशी होते. हे नाव तिला कोणी ठेवलं ते आठवत नाही, बहुधा मीच ठेवलं असेन, कारण गेली नऊ वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि मला नावं ठेवायची खोड आहे. एचआर म्हणजे आम्ही दोघी, एक साहेब आणि कपाटांच्या रांगा. मी कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळते. ती जाणाऱ्यांना विचारते, का जाताय?

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर एकच यायचं. छापील फॉर्मवर सहा चौकोन होते आणि जो तो 'वैयक्तिक कारण' या चौकोनात खूण करून मोकळा व्हायचा. एका वर्षी चाळीस जण गेले, त्यातल्या एकतीस जणांचं कारण वैयक्तिक. मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे घराघरांतून साथ आलीय की काय?" ती हसली नाही. ती हल्ली फारशी हसत नाही. पंचावन्नाची झाली, गुडघे बोलतात, घरी सासूबाईंचं सगळं अंथरुणात, आणि दिवसभर समोर बसून लोक तिला सांगतात की तुमच्याकडे राहण्यात अर्थ नाही. माणूस थकणार नाही तर काय होईल?

तरी तिनेच ती पद्धत बदलली. एक नर्स फॉर्म भरताना सारखी दाराकडे बघत होती. बाईने विचारलं, कोणाची वाट बघतेस? ती म्हणाली, "मॅडम, अनुभवपत्रावर अजून सही व्हायचीय." तेव्हा निरोपबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याचं पत्र अडकलंय तो खरं कशाला बोलेल? मग तिने साहेबांच्या मागे लागून नियम करून घेतला की आधी पत्र हातात द्यायचं आणि मग बोलायचं. ज्याच्या हाताखाली काम केलं तो माणूस खोलीत नको. कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर जाणार नाही.

चौकोनही गेले. त्यांच्या जागी चार प्रश्न आले. सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि त्या दिवशी काय झालं होतं? काय वेगळं असतं तर थांबला असतात? नव्या जागी असं काय मिळेल, जे इथे नव्हतं? आणि मैत्रिणीला इथे नोकरी घ्यायला सांगाल का? पहिला प्रश्न विचारला की ती गप्प बसायची. पाच-पाच मिनिटं. मला ती आत बसवायची नाही, पण काचेतून दिसायचं. सोडण्याचं कारण विचारलं तर माणूस तयार उत्तर देतो, दिवस विचारला तर त्याला तो दिवस आठवावा लागतो, असं तिचं म्हणणं. समोरचा बोलेल ते ती शब्दन् शब्द लिहायची. नंतर, निवांत वेळी, प्रत्येक उत्तर वाचून एका तक्त्यात घालायची. तक्त्यात सात रकाने. चौथा होता 'वरिष्ठांशी संबंध'.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा नर्स गेल्या. मजल्यावर जागा अठ्ठावीस. बाकीच्या मजल्यांवरही जागा जवळपास तेवढ्याच, पण तिथून तीन-चारच गेल्या. त्यामुळे आकडा नजरेत भरलाच. तक्ता सांगत होता की अकरांपैकी आठ चौथ्या रकान्यात आहेत. आता तिसऱ्या मजल्यावर वरिष्ठ म्हणजे कोण? इन्चार्ज सिस्टर. बावीस वर्षं त्याच मजल्यावर, आवाज खणखणीत, कोणाला चुकूनही चुकीची गोळी जाऊ दिली नाही अशी बाई. तक्ता वरच्या बैठकीत गेला. चार दिवसांनी कळलं की येत्या एक तारखेपासून सिस्टरची बदली सामानाच्या स्टोअरला. ड्रेसिंगची बंडलं मोजायला. सिस्टरना तो तक्ता समोर ठेवून दाखवला होता म्हणे.

निरोपबाईला हे आवडलं नाही, पण ती एवढंच म्हणाली, "आठ जणी खोटं बोलतील का गं?" त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं की वेळ काढून वर्षाचा सगळा अहवाल नीट करा. बाईने कुठेतरी वाचलं होतं की उत्तरांची वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करावी आणि मग जुळते का बघावं. दुसरं कोणी होतं कुठे? तिने नावं झाकून अकरा उत्तरांचे कागद माझ्या टेबलावर टाकले. "तुझ्या मनाने घाल. माझं बघू नकोस."

दुपारभर मी वाचलं. संध्याकाळी दोघींचे तक्ते शेजारी ठेवले. तिच्या चौथ्या रकान्यात आठ, माझ्या चौथ्यात शून्य. माझे ते आठही दुसऱ्या रकान्यात, 'कामाची वाटणी'मध्ये.

"तुला वाचता येतं ना?" ती वैतागून म्हणाली.

"तुझ्यापेक्षा बरं येतं."

तिने एक कागद ओढला. "हे बघ. 'सिस्टर मला सारख्या उसनी पाठवायच्या.' दुसरी. 'सिस्टरनी सकाळीच सांगितलं, आज तू उसनी.' अजून एक. 'सिस्टर दुसऱ्या मजल्याला देऊन टाकायच्या.' प्रत्येक वाक्यात सिस्टर!"

उसनी हा आमच्याकडचा शब्द. एखाद्या वॉर्डात माणूस कमी पडलं की दुसऱ्या वॉर्डातली नर्स त्या दिवसापुरती तिकडे पाठवतात. ती उसनी. अनोळखी पेशंट, कोण काय घेतंय हे सांगायला कोणी नाही, आणि आपले पेशंट मागे राहिलेले.

"तू कर्ता बघतेस," मी म्हटलं. "शाळेत शिकवायचीस तशी. वाक्यात सिस्टर कर्ता आहे, म्हणून खापर सिस्टरच्या माथी. अगं, पण हुकूम कोणाचा? सिस्टर फक्त नाव वाचून दाखवते."

बाई नोकरीत यायच्या आधी खरंच शाळेत व्याकरण शिकवायची. मी चेष्टेत बोलले होते, पण तिने तो कागद परत ओढला आणि पहिल्यापासून वाचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ड्यूटीचं रजिस्टर घेऊन बसलो. सकाळी सातला मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुख, यांच्या ऑफिसातून प्रत्येक मजल्याला फोन येतो, कोणाला कुठे पाठवायचं ते नावानिशी, आणि इन्चार्ज ते रजिस्टरला लिहून सही करते. तिसऱ्या मजल्यावरून सगळ्यांत जास्त नर्स उसन्या जात होत्या, कारण श्वासाच्या मशीनचं शिक्षण तिथल्याच मुलींना दिलेलं होतं. सिस्टरनीच मागे लागून दिलेलं. आता नुसत्या गेलेल्यांचं बघून चालत नाही, असं बाई म्हणाली, राहिलेल्याही बघू. त्याच मजल्यावर टिकलेल्या सतराजणी काढल्या. गेलेल्या अकरांपैकी नऊजणी शेवटच्या तीन महिन्यांत दहापेक्षा जास्त वेळा उसन्या गेल्या होत्या. टिकलेल्या सतरांपैकी फक्त तिघी.

रजिस्टरच्या कडेला सिस्टरच्या अक्षरात बारीक लिहिलेलं होतं. 'ही कालही गेली होती. दुसरी घ्यावी.' अशा नोंदी मी मोजल्या. चाळीस भरल्या. एकीलाही उत्तर नव्हतं.

बाईने चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसली. "दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्या पोरींची वाक्यं अशीच घालतेय."

मी रजिस्टर मिटून तिच्या हातात दिलं.

ती साहेबांकडे गेली. माझी चूक आहे असं तिने सरळ सांगितलं, लेखी दिलं. साहेब माणूस वाईट नाही, पण दमलेला आहे, आमच्यासारखाच. त्याने कागद वाचले, परत वाचले, मेट्रनना बोलावलं. ठरलं असं की एका नर्सला आठवड्यातून एकदाच उसनी पाठवायची, पाळीपाळीने, आणि ज्या मजल्याला जाईल तिथे कोणीतरी उभं राहून पेशंट समजावून द्यायचे. चांगलं ठरलं. बदलीचं काय, असं बाईने विचारलं. साहेब म्हणाला, "ती मागे घेऊ. पण सिस्टरनी काल राजीनामा दिलाय." बदली रद्द झाल्याचं सिस्टरना कळवलं गेलं, का ते नाही, आणि राजीनामा त्यांनी मागे घेतला नाही.

सिस्टरच्या शेवटच्या दिवशी निरोपबाई सकाळपासून माझ्या मागे लागली होती. "तू घे मुलाखत. माझा संबंध आहे त्यात, मी घेणं बरोबर नाही." बरोबरच होतं ते. मी तयार झाले, वही घेतली. पण सिस्टर आल्या, मला बघितलं आणि दारातच म्हणाल्या, "नाही, त्यांनाच बोलवा. नियमाने जे काही होतं ते त्यांच्यासमोरच झालेलं बरं."

म्हणून बाई आत गेली आणि सिस्टरच्याच सांगण्यावरून मीही गेले. अनुभवपत्र सिस्टरच्या हातात होतं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, बावीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बसायची सवय नसते तशा.

बाईने पहिला प्रश्न विचारला. आवाज तिचा नव्हताच. "सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?"

"तो तक्ता दाखवला त्या दिवशी."

"त्या दिवशी काय झालं?"

सिस्टरनी हातातलं पत्र मांडीवर ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आठ पोरी माझ्यामुळे गेल्या, असं त्यात होतं. रोज सातच्या फोनला भांडत होते मी त्यांच्यासाठी. त्यांनीच माझं नाव सांगितलं म्हटल्यावर वाटलं, मग इतकी वर्षं मी केलं काय?" आणि बाईकडे बघून, जरा समजुतीने, म्हणाल्या, "असू दे. कागदावर तसं लिहिलं गेलं. होतं असं."

बाईचं पेन थांबलं. समोरचा बोलेल ते शब्दन् शब्द लिहायचं, हा तिचा स्वतःचा नियम. तिने सगळं लिहिलं. शेवटचं वाक्यही लिहिलं आणि मान वर केली.

"सिस्टर," ती म्हणाली, "त्यांनी दोष तुम्हाला नव्हता दिला. त्यांनी उसनी पाठवतात एवढंच सांगितलं होतं. तुम्हाला चौथ्या रकान्यात मी घातलं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा सिस्टरचे डोळे भरले. "म्हणजे पोरी माझ्यावर रागावून नव्हत्या गेल्या?"

"नाही."

"हे मला राजीनाम्याच्या आधी कोणी सांगायला हवं होतं हो."

बाईने मान खाली घातली. 'कागदावर तसं लिहिलं गेलं' या ओळीवर तिने रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं, 'मी लिहिलं.' मग ते उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं म्हणून तिने तक्ता उघडला, सातही रकाने वाचले, आणि तक्ता तसाच माझ्याकडे सरकवला.