गहाळ म्हणायचं नाही

आई गेल्यावर गावी जाऊन आले, रजा खलास झाली म्हणून आखातात, अल् घुब्राच्या फ्लॅटवर परतले, तरी मला रडू म्हणून येत नव्हतं. बौशरच्या ऑफिसात मी दिवसभर इंग्रजी पत्रं लिहीत होते आणि घरी आल्यावर कुकर लावत होते. आत काही हलत नव्हतं.

अशात बाबांचा फोन आला. त्यांच्या पेन्शनच्या खात्याचं पासबुक मिळत नव्हतं. मोबाईलवरच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पासबुकात छापून आलं तरच पेन्शन आली. बँकेनं दुय्यम पासबुकासाठी अर्ज मागितला होता.

"तूच लिही. आम्हांला नाय जमत ता."

अर्जाची माहिती तुकड्यातुकड्यांनी आली. खाते क्रमांक पैसे भरल्याच्या जुन्या स्लिपवर सापडला, तिचा फोटो शेजारच्या दादांनी पाठवला. बाकी सगळं फोनवर: पासबुक आधी कपाटात असायचं, मग आईनं ते डब्यात ठेवलं, पावसात ओल येते म्हणून तिथूनही हलवलं.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले. प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय. महोदय. सवयीनं लिहून गेले, "पासबुक माझ्या आईकडे असे." मग लक्षात आलं, अर्जदार बाबा आहेत. आई खोडून पत्नी लिहिलं. तेव्हाही काही वाटलं नाही, याचाच मला राग आला.

फोनवर वाचून दाखवलं. "सदर पासबुक गहाळ झाले आहे," इथवर येताच बाबांनी अडवलं.

"गहाळ कशाला? तिनं कधी सुई हरवली नाय. मी नाय सही करणार."

"बाबा, बँकेत तसंच लिहितात."

"लिहूंदेत. तिनं ठेवलेला हा, माका गावत नाय."

पेन्शन आल्याचं कळेपर्यंत हा माणूस औषधं आणायचीही टाळणार, हे मला ठाऊक होतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. वाक्य बदललं: "पासबुक माझ्या पत्नीने घरात जपून ठेवले होते. तिच्या निधनानंतर शोध घेऊनही ते मला सापडत नाही. पुढे सापडल्यास बँकेत जमा करीन. नियमानुसार शुल्क भरण्यास तयार आहे. ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे."

बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"आता बरा झाला," म्हणाले.

दादांनी छापून आणलं, बाबांनी सही केली आणि बँकेनं अर्ज मुकाट्यानं घेतला. नवं पासबुक हातात पडताच बाबांनी व्हिडिओ कॉल लावला. पहिल्या पानावर डुप्लिकेटचा शिक्का होता, खाली पेन्शन छापून आली होती. ते समाधानानं पान न्याहाळत राहिले. मग पासबुक मिटून इकडेतिकडे बघू लागले.

"ह्या आता खंय ठेवू?"

"आईला विचारा," मी पटकन म्हणाले.

बाबांनी खरंच स्वयंपाकघराकडे मान वळवली. तेव्हा मला रडू आलं.