दोनशे आठ तास

माझा थोरला भाऊ वसई पूर्वेला एका गाळ्यात खिडक्यांच्या लोखंडी ग्रिल बनवतो. भाव सांगायची त्याची रीत जुनी. ग्रिलचं वजन धरायचं, किलोला एकशे तीस रुपयांनी गुणायचं आणि गिऱ्हाईक चेहऱ्यावरून कसं वाटतं त्याप्रमाणे थोडं कमीजास्त करायचं. मी मुंबईत एका कारखान्याच्या कचेरीत कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खर्च काढायच्या खात्यात पंचवीस वर्षं घासलेला माणूस. दुसऱ्याच्या धंद्याचा हिशोब मला नेहमीच सोपा वाटत आलेला आहे.

त्या वर्षी दादाने तीन इमारतींची कामं केली आणि हातात काही उरलं नाही. गाळ्याचा करार संपत आला होता. वहिनीने एका रविवारी आमच्याकडे जेवताना सरळ सांगितलं, "माणिकपूरच्या बिल्डिंगचं काम बोलतायत. त्यातही असंच झालं तर गाळा सोडायचा. मग हे जातील दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करायला."

दादा मान खाली घालून माशातले काटे काढत होता. मी गप्प बसायला हवं होतं. पण सोलकढीची वाटी खाली ठेवून मी मशीन-तासाच्या दरावर, म्हणजे वेल्डिंगचं मशीन तासभर चालवायला काय खर्च येतो त्यावर, भाषण दिलं. वजनाने भाव लावलास की फक्त लोखंडाची किंमत कळते, नक्षीच्या ग्रिलला मशीन दुप्पट वेळ चालतं त्याचं काय, वगैरे.

"झालं?" दादा म्हणाला. "आता भात घे."

तरी चार दिवसांनी त्याचाच फोन आला. "तुझा तो तक्ता करून दे. तुझी वहिनी डोकं खाते."

मी शाळेतल्या मुलासारखा कामाला लागलो. गाळ्याच्या भाड्यातला वेल्डिंगच्या जागेचा वाटा, मशीनची झीज, विमा, दिवाबत्ती, सगळं मिळून महिन्याला बारा हजार चारशे ऐंशी. हा खर्च मशीन चाललं नाही तरी होतोच. त्याशिवाय वीज आणि दुरुस्ती ताशी चाळीस रुपये. तो खर्च मशीन चाललं तरच. आता फक्त तास हवे होते.

"दादा, मशीन दिवसाला किती चालतं?"

"नऊ ते सहा. माझं मशीन थंड पडत नाही. तुमच्या हाफिसासारखं नाही ते."

जेवणाचा तास वजा केला. आठ तास, सव्वीस दिवस. दोनशे आठ. भागाकार केला तर बरोबर साठ रुपये आले, आणि इतका गोल आकडा आलाय म्हणजे देवाच्या मनात असणार, असं मला वाटलं. साठ आणि चाळीस, शंभर रुपये तास.

माणिकपूरच्या कामाला तीनशे तास. मशीनचे तीस हजार. लोखंड, मजुरी, रंग, टेम्पो, फिटिंग धरून खर्च दोन लाख. दहा टक्के नफा वीस हजार. कोटेशन दोन लाख वीस हजार.

"माझ्या हिशोबाने दोन चौतीस होतं," दादा म्हणाला. "हे कमी वाटतं."

"तू अंदाजाने बोलतोस. हा कागद आहे."

तो कागद मी लॅमिनेट करून घेतला होता. हे मी घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी माणिकपूरच्या त्या सोसायटीत भाव ठरवायला कमिटीची मीटिंग होती. दुपारी कागद द्यायला मी गाळ्यावर गेलो. शटर बंद, कुलूप. शेजारच्या गाळ्यातले लेथवाले काका बाहेर चहा पीत होते.

"फिटिंगला गेलेत सगळे," ते म्हणाले. "आठवड्याचे तीन दिवस कुलूपच असतं."

"तीन दिवस?"

"मग ग्रिल काय आपोआप चढणार भिंतीवर? आणि गाळा उघडा असला तरी मापं, कापणं. मशीन अर्धा वेळ तरी चालतं का, देव जाणे."

मी तिथेच उभ्याउभ्या पाठीवर गणित केलं. म्हणजे लॅमिनेशनच्या पाठीवर, पेन उमटेना. शेवटी तळहातावर केलं. तास निम्मे, एकशे चार. बारा हजार चारशे ऐंशी तेवढेच. साठाचे एकशे वीस. विजेचे चाळीस तसेच. दर एकशे साठ. तीनशे तासांना अठरा हजारांची तूट. वीस हजारांच्या नफ्यातले दोन उरत होते.

दादाला मी रिक्षा स्टँडवर गाठलं.

"आकडा सकाळीच दिला कमिटीला फोनवर," तो म्हणाला. मग मी सांगितलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे मी खोटं बोललो?"

"तू म्हणालास थंड पडत नाही."

"चालू असतं तेव्हा नाही पडत. तू विचारलंस का, फिटिंगला कोण जातं? पंचवीस वर्षं हेच करतोस ना तिथे? एकदा गाळ्यावर येऊन बघायला पाय मोडले होते?"

"तुला कमी वाटत होतं तर दिलास कशाला?"

"धाकट्याने शिकून काहीतरी केलंय म्हणून दिला."

रिक्षावाले मजेने ऐकत होते. एकाने आमच्यासाठी सीट पुसली आणि आम्ही बसत नाही म्हणून पुन्हा पुसली.

कमिटीच्या खोलीत सेक्रेटरीबाई होत्या, बँकेतून निवृत्त. त्यांच्यापुढे मी उठून सांगितलं की आकडा चुकलाय, चूक माझी आहे, खरा भाव दोन लाख चाळीस हजार.

"सकाळपासून वीस हजार वाढले? लोखंड महाग झालं का दुपारी?"

मी मशीनचे तास समजावले.

"म्हणजे तुमचं मशीन रिकामं बसतं त्याचं भाडं आम्ही द्यायचं?" त्या म्हणाल्या. "रविवारीही चालवा. तास वाढतील, दर उतरेल."

गणित त्यांचंही चुकीचं नव्हतं. तेवढं काम कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता.

"हे कोण तुमचे?" त्यांनी दादाला विचारलं.

"ओळखीचे आहेत," दादा म्हणाला.

मग तो उठला. "बाई, शब्द माझा होता. मला जमणार नाही, तर काम सोडतो. अर्धं करून पळणार नाही."

"सोडा. अशी दहा दुकानं आहेत."

खाली आल्यावर तो एकटाच रिक्षात बसला.

गाळ्याचा करार त्याने कसाबसा सहा महिन्यांसाठी वाढवून घेतला. वहिनी म्हणाली, लॅमिनेट केलेला कागद त्याने मशीनखाली घातलाय, एक पाय आखूड होता म्हणून. पण गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर आता तो खडूने रेघा मारतो, मशीन खरोखर चाललं त्या तासांच्या. नंदाखालच्या एका बंगल्याचं काम त्याने त्या दराने घेतलं, आणि गाळा अजून त्याच्याकडेच आहे.

माझ्याशी तो बोलत नाही. गणपतीत प्रसाद दिला तोही माझ्या बायकोच्या हातात, माझ्यासमोर. मात्र महिनाअखेरीला माझ्या फोनवर त्याच्याकडून मशीनच्या तासांचा एक आकडा येतो. पुढे काही नाही, मागे काही नाही. गेल्या महिन्यात तो होता एकशे छप्पन्न. मी भागाकार केला, ऐंशी अधिक चाळीस केले आणि दर पाठवला, एकशे वीस.

त्यावर त्याने लिहिलं, "येऊन बघितलंस का?"

रविवारी जाणार आहे. गाळा बंद असेल, पण रेघा तरी मोजता येतील.