पौष वद्य सप्तमीपर्यंत

काशीत आमच्या गल्लीत एक व्हिडिओवाला आहे. चाळिशी उलटली त्याची, पण माझ्यासाठी अजून तोच, लहानपणी आमच्या ओसरीवर बसून पुरणपोळीला तूप मागणारा. पूर्वी लग्नांचे व्हिडिओ काढायचा, आता पूजा, रुद्राभिषेक, श्राद्ध, सगळं थेट दाखवतो. यजमान बसलेले असतात इंदूरला नाहीतर अमेरिकेत, गुरुजी इथे घाटावर. घरी भोजपुरी, दुकानात हिंदी आणि माझ्याशी मराठी. मराठी इतकी चांगली की नागपूरची पाहुणी एकदा मला विचारून गेली, हा तुमच्यातलाच का हो? त्याच्या या चांगल्या मराठीनंच माझा घात केला, ती गोष्ट सांगते.

गेल्या कार्तिकात आमच्या यांनी ठरवलं, आपल्या वेदशाखेचा सगळा क्रमपाठ एकदा बसून म्हणायचा. क्रमपाठ म्हणजे मंत्रातली पदं जोडीजोडीनं, मागचं पद पुन्हा पुढच्याला जोडत म्हणायची. अठ्ठ्याहत्तर वय, दम पुरत नाही. मला म्हणाले, "आता नाही तर पुन्हा नाही." कार्तिक वद्य द्वितीयेला बसायचं, सप्तमीला उठायचं, कारण अष्टमीला अनध्याय, त्या दिवशी वेद म्हणत नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत रोज पाच-साडेपाच तास.

आणि हे सगळं कुणासाठी, तर वन्सांसाठी. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, नागपूरला असते, ब्याऐंशी वर्षांची. सासरे मुलांना ओसरीवर संथा द्यायचे तेव्हा ही आत तांदूळ निवडत बसायची. मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, पण कानाला कोण अडवणार? मुलांच्या आधी हिचं पाठ व्हायचं. हे चुकले की आतून तांदळाचं सूप आपटायची. सासऱ्यांना ते ऐकू यायचं आणि ते न ऐकल्यासारखं करायचे. सासरे गेल्यावर यांची चूक काढणारं माणूस जगात एकच उरलं. यांना वन्सांनी ऐकून "झालं बरोबर" म्हणायला हवं होतं. तेवढंच.

वन्सं यायला तयार होत्या. तिकीट काढलं, आणि पंधरा दिवस आधी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन. मग व्हिडिओवाल्याला बोलावलं.

त्यानं मोबाईलवर थेट दाखवणाऱ्या कंपनीच्या योजना उघडून दाखवल्या. धाकटी योजना, मोठी योजना. हे चष्मा शोधत राहिले, म्हणून मीच बसले त्याच्याशेजारी.

"काकू, धाकटीत एका वेळी दोन ठिकाणी जाईल. मोठीत पाच ठिकाणी."

मी बोटं मोजली. "नागपूर एक, पुणे दोन, इंदूर तीन, धाकट्याची मुलगी न्यू जर्सीला चार. मोठीच घे."

तो इतका हसला की चहा सांडला. "काकू, ठिकाण म्हणजे गाव नाही. ठिकाण म्हणजे जिथे चढवायचं ते पान. इथल्या वेदपाठशाळेचं चॅनल हे एक ठिकाण, नागपूरच्या वैदिक मंडळाचं पान हे दुसरं. तिथे कुठल्याही गावचा माणूस बघू शकतो. आपल्याला दोनच पुरतात."

"मग धाकटी घे."

"धाकटीत चार तासांनी बंद पडतं. मोठीत दहा तास चालतं."

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले, "मध्ये तुटायला नको. अध्याय अर्धा राहील."

म्हणजे मोठी. शिवाय कंपनीचं स्वतःचंही एक बंद पान असतं, ज्याला पासवर्ड दिला त्यालाच दिसतं. ते घरच्या माणसांसाठी. धाकट्या योजनेत तिथे एका वेळी पन्नास प्रेक्षक, मोठीत पाचशे. मी म्हटलं, आमचं नुसतं नागपूरचं घरच बारा माणसांचं. तो म्हणाला, "बारा जण एका टीव्हीसमोर बसले तर तो एकच प्रेक्षक, काकू. तो माणसं नाही मोजत, पडदे मोजतो." मला ते फार आवडलं. आमच्याकडे जेवणावळीला असं मोजता आलं असतं तर, असं वाटून गेलं.

यांची अट एकच. पाठशाळेनं आणि मंडळानं चालू असताना दाखवावं, पण संध्याकाळी काढून टाकावं. "पोरं यंत्रावरून पाठ करतील," हे म्हणाले. "यंत्र काही मान हलवत नाही चुकल्यावर." फक्त कंपनीकडे जी नोंद आपोआप राहते ती राहू द्यावी, अक्कासाठी, म्हणजे वन्सांसाठी. अक्का शिकायला बसलेली नाही, तपासायला बसलेली आहे.

"ती किती दिवस राहते?" मी विचारलं.

"मोठ्या योजनेत तीस दिवस. मग आपोआप पुसते."

आता तारखा माझ्या डोक्यात राहत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा नातू त्यावरून मला हसतो, पण त्याला विचारा आज कुठली तिथी ते. मी म्हटलं, "तारीख नको, तिथी सांग." व्हिडिओवाल्यानं दुकानात जाऊन भिंतीवरचं पंचांग पाहिलं, परत आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "शेवटच्या दिवसाची नोंद पौष वद्य सप्तमीपर्यंत आहे, काकू."

मी लगेच उठून पुण्याहून आलेल्या कॅलेंडरवर पौष वद्य सप्तमीला कुंकवाचं बोट लावलं, आणि तीस दिवस डोक्यातून गेले. झालं.

पारायण छान झालं. हे सहा दिवस नुसत्या दुधावर आणि केळ्यांवर होते. दुसऱ्या दिवशी एक माकड तारेवर बसलं तेव्हा व्हिडिओवाला काठी घेऊन तासभर गच्चीत उभा राहिला. सप्तमीला शेवटचं पद म्हणून झालं, आणि हे उठले ते भिंतीला धरून. पाठशाळेनं रोज संध्याकाळी काढून टाकलं, मंडळानंही काढलं. इतके आज्ञाधारक लोक कधी पाहिले नाहीत मी.

वन्सं तेव्हा दवाखान्यात. तिथून घरी, मग ताप, मग पुन्हा दवाखाना. फोनवर म्हणायच्या, "अगं, अर्धवट ऐकायचं नाही मला. सलग ऐकीन." मी म्हणायची, "काही घाई नाही वन्सं, पौषापर्यंत आहे. अजून दोन महिने आहेत." हे माझ्याकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्यांना वाटायचं, यंत्राचं मला कळतं.

मार्गशीर्षात, वद्य पक्ष लागला तेव्हा, वन्सं घरी आल्या. चतुर्थीच्या सकाळी त्यांच्या सुनेचा फोन.

"मामी, बंद पान उघडलंय. त्यात चारच दिवस दिसतायत. पहिला दिवस कुठेय?"

"खाली असेल. खाली सरकव."

"सरकवलं. पहिला नाही आणि दुसराही नाही."

मी चपला घालून तशीच दुकानात गेले. तो समोसा खात होता.

"अरे, पहिले दोन दिवस दिसत नाहीत म्हणे."

"गेले असतील, काकू. प्रत्येक दिवसाची नोंद त्या दिवसापासून तीस दिवस. सप्तमी मी शेवटच्या दिवसाची सांगितली होती. दूजेची दूजेला गेली, तीजेची काल."

"पण तू पौष म्हणालास. आत्ता तर मार्गशीर्ष."

त्यानं समोसा खाली ठेवला. भिंतीकडे बघितलं. "काकू, आज तर पूस बदी चौथ आहे."

आता जे काशीत राहत नाहीत त्यांना सांगायला हवं. आमचा मराठी महिना अमावास्येला संपतो आणि इथला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच असतं, पण वद्य पक्ष आला की हे लोक आमच्या एक महिना पुढे. आमचा मार्गशीर्ष वद्य म्हणजे यांचा पूस बदी. पन्नास वर्षं इथे काढली मी, दूधवाला 'पूस बदी' म्हणाला की मी आपोआप एक महिना मागे येते. पण यानं महिना बनारसचा घेतला आणि भाषा माझी. 'पूस बदी' म्हणाला असता तर मी चुकले नसते. माझा मान ठेवायला 'पौष वद्य' म्हणाला.

"मी तर तुमच्यासाठी मराठीत सांगितलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा लग्नात आहेराची पिशवी हरवल्यासारखा झाला होता.

मला रागवायचं होतं, पण कुणावर? त्यानं उरलेले चार दिवस तिथल्या तिथे उतरवून घेतले, दोन पेनड्राईव्हवर. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, पुसलेलं परत आणता येत नाही, आणखी मोठी योजना घेतली तरी नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. सगळं, कुंकवाच्या बोटासकट. यांनी कॅलेंडरवर त्या बोटापासून मागे दिवस मोजले. मग म्हणाले, "म्हणजे पंधरा अध्याय अक्काला नाहीत."

"नाहीत."

"मग ती काय म्हणणार? अर्धवट ऐकून ती काही म्हणत नसते."

मला रडू आलं, ते यांना दिसू नये म्हणून मी डाळ निवडायला घेतली. वन्सांना फोन मीच केला. वाटलं, बोलतील काहीतरी. वन्सांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला फोन दे."

हे "अक्का" म्हणाले आणि पुढे नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, दम नाही राहिला." मग म्हणाले, "रोज अर्धा अध्याय?" मग, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर हे पाटावर बसले, फोन समोर तांब्याला टेकवून. व्हिडिओवाला आला होता, काही लागलं तर म्हणून. त्यानं विचारलं, गुरुजी, नोंद करू का? हे म्हणाले, नको.

पहिला अध्याय सुरू झाला. तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, झोप लागली की काय. सहाव्या-सातव्या मंत्राला फोनमधून आलं, "थांब."

हे थांबले.

"खालचा स्वर. तू सरळ नेलास. पुन्हा म्हण."

यांनी पुन्हा म्हटलं.

"अजून नाही. दम घे आणि म्हण."

यांनी दम घेतला. तिसऱ्यांदा म्हटलं. व्हिडिओवाला माझ्याकडे बघत होता. इतक्या मोठ्या गुरुजींना कुणी असं अडवतं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"हां," वन्सं म्हणाल्या. "कार्तिकातही असंच म्हटलं असशील. बरं झालं पुसलं गेलं ते."

यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नानंतर फार थोड्या वेळा बघितलंय. मान खाली घालून हसले, आणि पुढचं पद जोडलं.