मापाच्या वहीतली एक ओळ

मल्लेश्वरमच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत दुपारी ऊन इतकं हळू सरकायचं, की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळायचं नाही. ती खोली म्हणजे आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस. मी त्यांची ज्युनिअर. नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं होती. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून आलो होतो आणि कानडी मला ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतंच येत होतं. म्हणून मराठी बोलणारं अशील आलं, की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. तेवढ्यावर मी स्वतःला मोठी वकील समजायचे. उतावळी तर मी जन्माचीच.

एका शनिवारी साहेब म्हैसूरला गेले असताना एक शिंपी आले. त्यांचं घराणं इथं कैक पिढ्यांपासूनचं. चिकपेटेजवळ छोटं दुकान, गळ्यात टेप तशीच लटकलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"पोलिसांनी सोमवारी बोलावलंय, अक्का," ते म्हणाले. "रेशमाच्या गोदामातल्या चोरीबद्दल."

ती चोरी पेपरात आली होती. सुटीच्या दिवशी भर दुपारी एक माणूस मागच्या भिंतीवरून गोदामाच्या आवारात उतरला. अंगावर तिथल्या रखवालदारांसारखाच खाकी शर्ट. त्यानं कुलूप तोडलं, फाटक उघडलं आणि टेम्पोत गठ्ठे भरले जाईपर्यंत फाटकापाशी ऐटीत बसून राहिला. शेजाऱ्यांना वाटलं, रखवालदार आहे की बसलेला. तो शर्ट अण्णांनी शिवलेला होता. त्या गोदामाच्या रखवालदारांचे कपडे पूर्वी तेच शिवत असत. पुढे शेटनं ते काम रेडीमेडवाल्याला दिलं.

"शर्ट कोणी सांगितला?" मी विचारलं.

"दोरे विकणारा एक आहे, ओळखीचा. मापं चिठ्ठीवर आणली त्यानं."

"आणि ज्यानं तो घातला, त्याला तुम्ही पाहिलंत?"

"देवाशप्पथ नाही! नाव ठाऊक नाही, तोंड ठाऊक नाही. वहीत लिहूनच ठेवलंय मी, माणूस पाहिला नाही म्हणून."

मला आनंदच झाला. कट म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट, एवढं मला पाठ होतं. म्हटलं, "अण्णा, भेटच नाही तर कट कुठला? ती वही आपण होऊन नेऊन दाखवा. तुमच्या बाजूचा पुरावा आहे तो."

त्यांचा चेहरा उजळला. "सरी, अक्का, ठीक आहे," म्हणत ते उठले. वही त्यांच्या पिशवीत होती, पण मी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. बाहेर कोणीतरी फुलं विकत चाललं होतं. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी साहेब परतले. तोवर अण्णांनी वही दिली होती, पोलिसांनी पंच बोलावून महजर, म्हणजे पंचनामा, करून ती जप्त केली होती, आणि अण्णांना अटक झाली होती. दोरेवाला आधीच सापडला होता. साहेबांनी कपाटातून दंडसंहिता काढली, एकशे आठवं कलम उघडलं आणि त्याखालच्या पाचव्या स्पष्टीकरणावर बोट ठेवलं. कट करून गुन्ह्याला साथ देणाऱ्यानं, गुन्हा प्रत्यक्ष करणाऱ्याशी बोलणी केलेली असण्याची गरजच नाही. ज्या कटातून गुन्हा घडला, त्यात तो सामील असला की पुरे. खाली उदाहरणही होतं. एक जण, कशासाठी हे माहीत असून, विष आणून मधल्या माणसाला देतो. पाजणारा तिसराच, त्याचं नावही याला सांगितलेलं नाही. तरी विष आणणारा सुटत नाही.

"ठरवाठरवी दोरेवाल्याशी झाली की नाही, एवढाच प्रश्न," साहेब म्हणाले. "त्या खाकी माणसाची भेट लागतेच कशाला? शिंप्याला चोरीचा बेत ठाऊक नव्हता, कामापुरता शर्ट शिवला, असं दाखवता आलं तर तो सुटेल. पण या खुळ्यानं वही कशाला नेऊन दिली?"

मी वहीच्या नकलेसाठी अर्ज लिहायला घेतला. द्या म्हणून मीच सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही.

वहीची नक्कल हातात आली तेव्हा मला सगळं कळलं. अण्णांची एक पद्धत होती. मापाशेजारी ते कपडा कोण, कुठे घालणार हे लिहीत. 'स्कूटर चालवतो, पाठ लांब.' 'पूजेला बसणार, घेर मोकळा.' उगीच नव्हती गिऱ्हाइकं त्यांच्यावर खूश. खाकी शर्टापुढे लिहिलं होतं, 'माणूस पाहिला नाही. गोदामाची भिंत चढणार, काखेत कळी घालणे.' काखेत जादा तुकडा जोडला, की हात वर केला तरी शिवण उसवत नाही. स्वतःला वाचवणारं आणि बुडवणारं, दोन्ही त्यांनी एकाच ओळीत लिहून ठेवलं होतं.

त्या महिन्यांत मला एक स्वप्न वारंवार पडायचं. दोरीवर खाकी शर्ट वाळत असतो, आत कोणीच नसतं, आणि तो हात वर करतो. मी कपडे धुवायची बाई असल्यासारखी खाली उभी असते. भीती वाटायची नाही, नुसतं अपराधी वाटायचं.

दोरेवाला माफीचा साक्षीदार झाला. अण्णांना बेत सांगितला होता, शेटवरच्या रागानं ते तयार झाले, गुंड्या आणि बिल्ला कसा हवा हेही त्यांनीच सांगितलं, अशी साक्ष त्यानं दिली. साहेबांनी जीव तोडून उलटतपासणी घेतली. स्वतः कटात असलेल्याच्या एकट्या शब्दावर कोर्ट सहसा विसंबत नाही, त्याला बाहेरचा आधार लागतो. तो आधार वहीनं दिला.

आरोपींच्या पिंजऱ्यातच अण्णांनी शर्ट घालणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं. उंच, किडकिडीत, उजवा खांदा जरा उतरलेला. अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. खांदा, बाही, कॉलर असं सावकाश न्याहाळत होते. मग ओळख पटल्यासारखी मान हलवली. मला तिथंच रडू आलं.

अण्णांना दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालानंतर कोर्टाच्या आवारात त्यांची बायको माझ्यापाशी आली. डबा आणला होता, तो पोलिसांनी आत नेऊ दिला नव्हता.

"ज्याला बघितलंच नाही, त्याच्याबरोबर शिक्षा?" तिनं विचारलं.

मी कायदा समजावून सांगितला.

"वही दिली नसती तर?"

"दुकानाची झडती घेतली असती कदाचित," मी म्हणाले. मग ते पुरेसं वाटेना. "पण आपण होऊन द्यायला नको होती. द्या म्हणून मीच सांगितलं. चूक माझी आहे."

"ठाऊक आहे की मला." तिचा आवाज जराही चढला नाही. "त्याच रात्री बोलला होता तो. साहेबांना मात्र म्हणाला, वही मी माझ्याच अकलेनं दिली. मी भांडले, तर म्हणतो, पोरीची वकिली नवी आहे, स्वल्प दिवस जाऊ देत, आत्ताच कशाला तिचं नाव?"

मग तिनं डबा माझ्या हातात दिला. परत कुठे नेऊ, म्हणाली, तुम्हीच जेवा. मी तो घेतला आणि ऑफिसात जाऊन साहेबांच्या समोर बसून जेवले. कुणाचा डबा म्हणून त्यांनी विचारलं. अशिलाचा, एवढंच मी सांगितलं. आता साहेबही हयात नाहीत, अण्णाही नाहीत. साहेबांना न सांगितलेलं ते बाकीचं आज पहिल्यांदा लिहिते आहे.