भारतात उपलब्ध नाही

खांदा कॉलनीतल्या आमच्या कार्यालयातून वेब मालिकांचे हक्क विकले जातात. वृत्तपत्र सोडल्यावर तिथले करार करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी अकराच्या सुमारास एक दिग्दर्शक दार ढकलून आत शिरला. मोरा बंदरावरच्या कोळी कुटुंबातला. त्याची आठ भागांची मालिका आम्हीच एका ओटीटी प्लॅटफॉर्मला दिली होती.

"कोणी काढली ती?" त्याने मोबाइल माझ्यासमोर आपटला. पडद्यावर 'भारतात उपलब्ध नाही' एवढेच होते. "माझा मावसभाऊ दुबईत बसून बघतो हाय. आन् ज्या जेट्टीवर शूट झालं तिथं आमालाच नाय?"

"भारताची मुदत काल संपली. परदेशाची अजून दोन वर्षे आहे. दोन प्रदेश, दोन मुदती."

"ही फाळणी कोणाची?"

"तुमची. भारतात टीव्हीला वेगळी विकायची, असं तुम्हीच म्हणालात."

तो बसला नाही. संध्याकाळी पाचला एक निर्माता ही मालिका पाहून दिग्दर्शकाच्या पुढच्या मालिकेला पैसे लावायचे की नाही, ते ठरवणार होता.

"दोन दिवस वाढवा."

"येत नाहीत." मी टीव्ही वाहिनीशी झालेल्या करारातली अट वाचून दाखवली. वाहिनीवर पहिले प्रक्षेपण होऊन सहा महिने उलटेपर्यंत मालिका भारतात इंटरनेटवर प्रेक्षकांना कुठेही दिसता कामा नये.

"मग वाहिनीवर कवा लागणार?"

मी करार दोनदा चाळला. प्रक्षेपण कधीपर्यंत करायचे, याची तारीख त्यात कुठेच नव्हती. मसुदा माझा होता. वाहिनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, दिवाळीनंतर लगेच. वृत्तपत्रात असताना फोनवरच्या असल्या शब्दावर मी दोन ओळींची बातमीही छापली नसती.

"म्हणजे त्यांनी ती लावलीच नाय तर?"

"तर दिसणार नाही."

"भारतात कुठंच?"

"कुठंच."

पासवर्ड लावलेली खासगी लिंक निर्मात्याला पाठवायला करारात आडकाठी नव्हती. ती मी पाठवली. निर्मात्याचा फोन पाचच्या आधीच, चारला आला. दिग्दर्शकाने तो स्पीकरवर घेतला.

"अहो, फाइल काय कोणीही पाठवतं. चालू असलेली मालिका दाखवा म्हटलं होतं. तुमची तर काढून टाकलीय. कुठे लागली की कळवा, तोवर मी दुसरं बघतो."

फोन बंद झाला. दिग्दर्शकाने कराराची प्रत उचलली.

"दादा, पेपरात शब्द मोजून लिहायचात ना? एक तारीख लिहायला काय हात मोडले होते?"

 तो जिना उतरून गेल्यावर मी वाहिनीला ईमेल करून प्रक्षेपणाची तारीख विचारली. उत्तर दहा मिनिटांत आले. तारीख ठरलेली नाही. करारानुसार तसे बंधनही नाही.