कारणाचा रकाना

भागिरथा आमच्या पुढच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीची मदतनीस आहे. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. यजमान गेल्यावर ती खोली रिकामी होती, म्हणून मी ती अंगणवाडीला दिली. त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ही बाई सकाळी साडेनऊला कुलूप काढते, झाडते, पाणी भरते आणि चाळीस लेकरांना खिचडी वाढते. सेविका शुभांगीताई शिकवतात आणि रजिस्टरं लिहितात. भागिरथाचं नाव रजिस्टरात सहीपुरतं.

तिचं माहेर इंझोरी. वडील जानराव तिथल्या विहारात पाली भाषेतली वंदना घेत. मुलगी चार वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी बसायची. त्यामुळे पाली तिच्या कानात लहानपणीच बसली. सासरी आल्यावर वस्तीतल्या विहारात वंदना तीच घेऊ लागली. आवाज खणखणीत, एक अक्षर चुकत नसे.

शुभांगीताई २०२५च्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. जागा रिकामी झाली की आधी मदतनिसांचा विचार होतो, पण बारावीचं प्रमाणपत्र लागतं. भागिरथा दहावी होती. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यायला घेतली. बाकीचे विषय ती सोडवत गेली आणि पालीत दोनदा नापास झाली. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडत होती. म्हणजे फेब्रुवारीची परीक्षा शेवटचीच.

"सारी वस्ती हासून राह्यली बाई," ती मला म्हणाली. "जगदेव म्हंते, जिले झोपीत पाली येते, थे पालीतच नापास." जगदेव तिचा नवरा. तो हमालीला जातो. बोलतो तिखट, पण परीक्षेच्या दिवसांत चूल त्यानेच सांभाळली.

तिच्या आधीच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मी मागवून पाहिल्या. भाषांतर उत्तम होतं. अडत होतं ते एकाच प्रश्नात: 'पुढील वाक्यांतील प्रत्येक पदाचे व्याकरण चालवा.' दहा गुण, आणि तिला एकदा शून्य, एकदा एक. बाकीच्या पेपरात ती काठावर असे. हे दहा तिला बुडवत.

मला पाली येत नाही. पण अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅगाथांनी आमच्याकडून इंग्रजी वाक्यांचं व्याकरण चार रकान्यांत चालवून घेतलं होतं. शब्द, जात, काम, कारण. चौथा रकाना रिकामा असला तर पहिल्या तिन्हींचे गुण मिळत नसत. मी भागिरथासाठी वही आखली. पालीचं पुस्तक तिचं, रकाने माझे. डायरीत नोंद आहे: १२ नोव्हेंबर, भागिरथाचा पहिला धडा.

तिने वाक्य घेतलं. उपासिका विहारे भिक्खुस्स ओदनं देति. ओदन म्हणजे भात.

"भिक्खुस्स, षष्ठी," ती लगेच म्हणाली.

"कशावरून?"

"स्स आला ना शेवटी. विभक्तीच्या तक्त्यात स्स षष्ठीत हाय."

"तक्त्यात चतुर्थीतही स्सच आहे."

तिने तक्ता पाहिला. दोन्ही ओळींत तेच रूप होतं. "मंग मानसानं वळखावं कसं?"

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. ती उठली, खिचडीचा गंज ओसरीत आणला, लेकरं ओळीने बसली. मी खुर्ची दारात ओढली.

"भागिरथा, तू काय करतेस आत्ता?"

"देऊन राह्यली."

"कोण देतं?"

"मी. भागिरथा."

"काय?"

"खिचडी."

"कोणाला?"

"पोरायले." तिचा हात थांबला. "कायनं? डावानं. कायच्यातून? गंजातून. कुठं? ओसरीत."

एक लेकरू थाळी पुढे करून तसंच बसून होतं. तिने त्याला वाढलं आणि पुन्हा म्हणाली, "देते म्हटलं की कोनाले हे आलंच. भिक्खुस्स म्हंजे भिक्खूले. ज्याले द्याचं तो संप्रदान, म्हून चतुर्थी."

"आणि 'थेरो रुक्खस्स मूले निसीदति' यात?"

"थे झाडाचं मूळ. बसन्याचा झाडाशी संबंध नाही, मुळाशी हाय. झाडाचा मुळाशी. म्हून षष्ठी. मूले सप्तमी, काहून की बसते कुठं, तर मुळाशी. अधिकरण."

तक्ता तिला पाठ होताच. आता ती आधी क्रियापदाला विचारायला शिकली, आणि डिसेंबरपर्यंत कुठलंही वाक्य सोडवू लागली. 'कस्सको गामा खेत्तं गच्छति.' शेतकरी जाणारा, म्हणून प्रथमा, कर्ता. गावापासून सुटला, म्हणून पंचमी, अपादान. शेताकडे गेला, म्हणून द्वितीया, जाण्याचं ठिकाण. शुभांगीताई म्हणायच्या, "भागिरथाबाई लेकरायलेबी विभक्तीत झोपवून राह्यल्या."

मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला चौथा रकाना पुरेना. कारण लिहायचं तर दुसरी विभक्ती का नाही तेही लिहायचं, असा नियम मी घातला. सिस्टरांचा तसा नियम नव्हता, तो माझा. 'भिक्खुस्स: चतुर्थी, कारण देति या क्रियेचा लाभ ज्याला होतो तो. षष्ठी नव्हे, कारण भात भिक्खूचा आहे असे वाक्य सांगत नाही, तो त्याला दिला जातो.' असं प्रत्येक शब्दाला. भागिरथाचा हात लिहिण्याला सरावलेला नव्हता. ती एकेक अक्षर कोरून काढी.

जानेवारीत तिने एकदा विचारलं, "बाई, येवढं लिवा लागते काय? विनोद सर त म्हंतेत विभक्ती आन् कारक लिवलं की झालं."

विनोद सर कॉलेजात पाली शिकवत. बाहेरून बसणाऱ्यांना रविवारी फुकट वेळ देत.

"सरांना सगळ्या वर्गाचं बघायचं असतं," मी म्हणाले. "तुला कोणी एक गुण कापू नये."

तिने मान हलवली. ती माझं ऐकत असे. मी तिला एकदाही घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवलं नाही. डायरी चाळली तेव्हा दिसलं. साडेतीन महिन्यांत एकदाही नाही.

पेपर झाला त्या दिवशी ती परस्पर घरी न जाता माझ्याकडे आली. चप्पल न काढता उंबऱ्याशी उभी राहिली.

"व्याकरन पह्यलं घेतलं बाई. तुमी सांगतलं तसं. तीन वाक्यं व्हती. एकबी रकाना सोडला नाही."

"मग?"

"सहा पानं झाली. मान वर केली त पेपरवरच्या बाईनं सांगतलं, पाच मिनटं राह्यली." तिने पदराने तोंड पुसलं. "उतारे मांगं ठिवले व्हते. थे मले येतेच म्हून मांगं ठिवले. दोन्ही पाठ हायेत. एकाच्या दोन ओळी झाल्या."

मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही.

पाच मेला निकाल लागला. पालीत पंचवीस, तोंडी परीक्षेचे धरून. पास व्हायला पस्तीस लागतात. विनोद सरांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून दिली, काही गुण सापडतात का बघायला. मी ती पानं भिंगाने पाहिली. व्याकरणाला दहापैकी दहा. तपासणाऱ्याने पहिल्या तीन रकान्यांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. माझ्या लांबलचक कारणांवरून एक तिरकी रेघ ओढली होती. चूक म्हणून नव्हे. वाचायची गरज नाही म्हणून. पुढे उताऱ्याच्या दोन ओळी, आणि मग कोरी पानं, प्रत्येकावर लाल फुली.

"कोऱ्या पानाची फेरतपासणी नसते," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी भागिरथाला सांगितलं, "यात चूक माझी आहे."

"तुमची कायची? लिवलं त मीच ना."

तिने असं म्हटल्याने मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

निकालानंतर आठवड्याने वैशाख पौर्णिमा आली होती. विहारात वस्ती जमली होती. मीही मागे खुर्ची टाकून बसले होते. भागिरथाने वंदना सुरू केली. बायकांनी तिच्यामागून म्हणायला घेतलं. तिसऱ्या ओळीत ती थांबली. सगळे थांबले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा बेबीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने वंदना पुढे नेली. भागिरथा हात जोडून बसून राहिली. ओठ हलत नव्हते.

परतताना ती म्हणाली, "चाल निंगून गेली बाई. एक शब्द आला की त्याची विभक्ती पुढं येते. हा कोन, कोनाले, काहून. थे सांगेपर्यंत पुढचा शब्द निंगून जाते." मग बरंच अंतर चालून म्हणाली, "बाबाचा आवाज यायचा मले म्हनतानी. थोबी येत नाही आता."

मी तिचा दंड धरून चालत होते, की ती माझा, हेही मला कळत नव्हतं.

जूनच्या अठरा तारखेला प्रकल्प कार्यालयातून पत्र आलं. नवी सेविका पौर्णिमा नावाची, सव्वीस वर्षांची, पदवीधर. भागिरथाने निकालाआधीच अर्ज केला होता, तिच्यासाठी एकच ओळ होती: 'आपली निवड करण्यात आली नाही.'

ती ओसरीच्या पायरीवर बसली. पत्र मांडीवर उलटं घातलं, माझ्याकडे पेन मागितलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार रकाने आखले. मी म्हटलं, "राहू दे भागिरथा."

"थांबा ना बाई. आपली. सर्वनाम, षष्ठी. काहून, की निवड कोनाची, तर आपली. निवड. नाम, प्रथमा. पन कर्ता नाही हे. निवड काही करत नाही, तिचीच कराची असते. कर्म हाय, कर्मनी प्रयोग म्हून प्रथमेत बसलं." तिने तेवढं लिहिलं. "करन्यात आली नाही. क्रियापद. आता त्याले इचारा. करनारा कोन?"

मी पत्रावरचा शिक्का पाहिला. खाली एक सही होती. नाव वाचता येत नव्हतं.

"कर्ता लिवलाच नाही," ती म्हणाली. "मंग मी बोलू कोनाशी?"

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात जाऊन आली. तिथल्या बाबूने सांगितलं, वरून झालंय. वर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कदाचित प्रमाणपत्रच नाही तर विचारता कशाला, असं त्याला म्हणायचं असेल, आणि तेही खरंच होतं.

जुलैच्या परीक्षेचा फॉर्म मी आणून ठेवला होता. तिने तो हातात घेतला, वाचला आणि माझ्या टेबलावर ठेवून दिला. पास झाली तरी त्या प्रमाणपत्राने आता कुठलंच दार उघडणार नव्हतं.

एक जुलैला पौर्णिमा रुजू झाली. मुलगी चांगली आहे, भागिरथाला मावशी म्हणते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, ही वही कोनाची? काय सुंदर रकाने पाडले."

"जुनी हाय," भागिरथा म्हणाली. अकरा वाजले होते. तिने वही उचलून खिडकीच्या वर ठेवली, गंज ओसरीत आणला आणि डाव घेऊन पहिल्या लेकरासमोर वाकली. पूर्वी ती वाढताना वंदनेतलं काहीतरी गुणगुणत असे.